सरकारी कंपनी ‘राज्यसंस्था’ केव्हा ठरते?

प्रश्न : मी राज्य सरकारच्या मालकीच्या एका कंपनीत नोकरी करतो. बढतीत डावलले गेले म्हणून रिट याचिका करायचा विचार आहे. पण आमचे विधी अधिकारी म्हणतात की आपली कंपनी कंपनी कायद्याखाली नोंदलेली आहे, विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेली नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध मूलभूत हक्क सांगता येत नाहीत. एसटी महामंडळात असलेल्या माझ्या भावाला असे कोणी म्हणत नाही. त्यातच सरकार कंपनीतला आपला हिस्सा विकणार अशी चर्चा आहे. नेमकी कसोटी कोणती आणि माझ्या कंपनीला ती कशी लावायची?

उत्तर : तुमच्या विधी अधिकाऱ्यांचा युक्तिवाद १९७५ च्या सुमारास बराच वजनदार होता. आज तो एकट्याच्या बळावर टिकत नाही. कंपनी कोणत्या कायद्याखाली नोंदली गेली यापेक्षा ती आर्थिक, कार्यात्मक आणि प्रशासकीय दृष्टीने सरकारच्या वर्चस्वाखाली आहे का, हा आजचा प्रश्न आहे. हिस्सा विकण्याची जी चर्चा तुम्ही शेवटी सहज नोंदवली आहे, ती मात्र तुमच्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची ठरू शकते. त्याकडे मी सविस्तर येतो.

मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध सांगता येतात, आणि राज्यसंस्थेत कोण मोडते हे संविधानाच्या अनुच्छेद १२ मध्ये दिले आहे. केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारे, विधानमंडळे आणि स्थानिक प्राधिकरणे यांच्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांच्यापुढे येणाऱ्या ‘इतर प्राधिकरणे’ या शब्दांबद्दल. सुरुवातीला काही न्यायालयांनी त्यांचा अर्थ सरकारसारखी सार्वभौम कामे करणाऱ्या संस्था एवढाच लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली राजस्थान वीज मंडळाच्या प्रकरणात हा संकुचित अर्थ नाकारला आणि कायद्याने स्थापन झालेले, कायद्याने अधिकार मिळालेले मंडळ व्यापारी स्वरूपाचे काम करत असले तरी ते या शब्दांत येते असे ठरवले. पुढे २१ फेब्रुवारी १९७५ रोजी त्याच न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. सुखदेव सिंग प्रकरणात तेल व नैसर्गिक वायू आयोग, आयुर्विमा महामंडळ आणि औद्योगिक वित्त महामंडळ या तिन्ही सांविधिक, म्हणजे कायद्याने स्थापन झालेल्या, संस्थांना राज्यसंस्था मानले गेले, तर सभाजित तिवारी प्रकरणात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद राज्यसंस्था नाही असे ठरले, कारण ती सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था होती. तुमचे विधी अधिकारी नकळत याच दुसऱ्या निकालाच्या आधारावर उभे आहेत.

तो आधार पुढे टप्प्याटप्प्याने गेला. मुंबईच्या विमानतळावरचे एक उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहार केंद्रे चालवायला देण्याच्या निविदेवरून १९७९ साली रमण दयाराम शेट्टी यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. विमानतळ प्राधिकरणाने स्वतःच्याच निविदेतली पात्रतेची अट बाजूला ठेवून एका अपात्र निविदाकाराला काम दिले होते. अर्जदाराला प्रत्यक्ष दिलासा मिळाला नाही, पण सरकारची साधनसंस्था कशी ओळखावी याचे निकष न्यायमूर्ती भगवती यांनी याच निकालात मांडले. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये अजय हसिया प्रकरणात त्यांनी ते सहा मुद्द्यांत बांधून दिले : सगळे भागभांडवल सरकारचे आहे का, जवळजवळ सगळा खर्च सरकारच्या पैशातून होतो का, सरकारने मक्तेदारी दिली किंवा राखली आहे का, सरकारचे नियंत्रण खोल व सर्वव्यापी आहे का, काम सार्वजनिक महत्त्वाचे व सरकारी कामाशी जवळचे नाते असलेले आहे का, आणि एखादे सरकारी खातेच संस्थेकडे सोपवले गेले आहे का. संस्था कशी जन्माला आली हे न पाहता ती का जन्माला घातली हे पाहावे, असा त्या निकालाचा रोख आहे. त्याच दिवशी सोमप्रकाश रेखी प्रकरणात भारत पेट्रोलियम ही सरकारी कंपनीही राज्यसंस्था ठरली.

अडचण अशी झाली की वकील मंडळी या सहा मुद्द्यांकडे गुणपत्रिकेसारखे पाहू लागली. चार मुद्दे जमले तर राज्यसंस्था, दोनच जमले तर नाही, अशा धर्तीचे युक्तिवाद आजही ऐकू येतात. २००२ साली प्रदीपकुमार बिस्वास प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने सभाजित तिवारीचा निकाल रद्द ठरवला आणि त्याच संशोधन परिषदेला राज्यसंस्था मानले. बहुमताने हेही स्पष्ट केले की हे सहा निकष ताठर नाहीत आणि त्यांपैकी एखादा लागू पडला म्हणजे संस्था आपोआप राज्यसंस्था होत नाही. सिद्ध झालेली सर्व तथ्ये एकत्र पाहिल्यावर ती संस्था आर्थिक, कार्यात्मक व प्रशासकीय दृष्टीने सरकारच्या वर्चस्वाखाली किंवा नियंत्रणाखाली आहे का, हे पाहायचे. ते नियंत्रण त्या संस्थेपुरते विशिष्ट आणि सर्वव्यापी असले पाहिजे. नियंत्रण केवळ नियामक स्वरूपाचे असेल, मग ते कायद्याने आलेले असो वा अन्य मार्गाने, तर ते पुरत नाही. तुमच्या प्रकरणात लागू होणारी कसोटी हीच आहे. म्हणून याचिकेचा मसुदा करताना सहा मुद्द्यांच्या मथळ्यांपेक्षा या दोन विशेषणांकडे, विशिष्ट आणि सर्वव्यापी यांकडे, लक्ष ठेवा.

तुमच्या भावाला अडचण का येत नाही तेही यातून कळते. एसटी महामंडळ मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० खाली राज्य सरकारने स्थापन केले आहे. त्याचे अधिकार, सरकारने त्याला निर्देश देण्याची तरतूद, विनियम करताना सरकारच्या पूर्वमंजुरीची गरज हे सारे कायद्यातच लिहिलेले असल्याने वर्चस्व वेगळे सिद्ध करावे लागत नाही. कंपनीच्या बाबतीत हेच वर्चस्व कागदोपत्री दाखवावे लागते. सांविधिक महामंडळ आणि सरकारी कंपनी यांच्यातला फरक पुराव्याच्या ओझ्याचा आहे, तत्त्वाचा नाही.

हे सगळे एकाच संस्थेच्या आयुष्यात दिसावे यासाठी एअर इंडियाइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही. १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने ती सांविधिक महामंडळ म्हणून स्थापन झाली. तिच्या सेवा विनियमांनुसार हवाई सुंदरींना वयाच्या ३५ व्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणी निवृत्त व्हावे लागत असे, आणि मुदतवाढ द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर होते. १९८१ साली नर्गिस मिर्झा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि ती अनिर्बंध मर्जी अनुच्छेद १४ च्या विरुद्ध म्हणून रद्द केली. लग्नाची अट मात्र कायम ठेवली, आणि तो भाग मला आजही खटकतो. आपल्या मुद्द्यापुरते महत्त्वाचे हे की मालकाच्या सेवाशर्तींना समतेच्या हक्काची फूटपट्टी लागली, कारण मालक राज्यसंस्था होता.

१९९४ साली हवाई महामंडळ कायदा रद्द होऊन महामंडळाचा उपक्रम कंपनीकडे गेला. विमाने, कर्मचारी आणि मार्ग बदलले नाहीत. बदलले ते संस्थेचे कायदेशीर रूप. तुमच्या विधी अधिकाऱ्यांचे म्हणणे खरे असते तर त्या दिवसापासून कर्मचाऱ्यांचे मूलभूत हक्क संपायला हवे होते. तसे झाले नाही. स्त्री कर्मचाऱ्यांना ५० व्या वर्षी विमानातील कामावरून उतरवण्याचा वाद २००३ साली सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा मालक कंपनी होता, आणि तरीही तो वाद समतेच्या तरतुदींखालीच तपासला गेला. निकाल कंपनीच्या बाजूने लागला, पण तो वादाच्या गुणदोषांवर लागला. सगळे भाग सरकारचे, संचालक नेमणारे सरकार आणि मोठ्या खर्चाला मंजुरी देणारेही सरकार असल्यावर दुसरे काही होण्यासारखे नव्हते.

तिसरा टप्पा २७ जानेवारी २०२२ चा आहे. त्या दिवशी सरकारने आपले १०० टक्के भाग टाटा समूहाच्या टॅलेस या कंपनीकडे हस्तांतरित केले. त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयात काही कर्मचाऱ्यांच्या याचिका प्रलंबित होत्या. वेतन आणि बढतीविषयीच्या या याचिका कित्येक वर्षांपूर्वी, कंपनी पूर्णपणे सरकारी असताना दाखल झाल्या होत्या. उच्च न्यायालयाने २०२२ साली त्या चालवण्याजोग्या राहिल्या नाहीत असे म्हटले. याचिका दाखल झाली तेव्हा कंपनी राज्यसंस्था होती आणि सुनावणीला उशीर झाला तो न्यायालयामुळे, त्याचा फटका आम्हाला का, असा कर्मचाऱ्यांचा युक्तिवाद होता. माणूस म्हणून तो पटतो. पण मे २०२४ मध्ये आर. एस. मदिरेड्डी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. रिट ज्या दिवशी काढायची त्या दिवशी प्रतिवादी खासगी कंपनी असेल आणि ती सार्वजनिक कर्तव्य बजावत नसेल, तर तिला रिटने आदेश देता येत नाही. दाखल करण्याच्या दिवशीचा दर्जा पुरेसा नाही. विदेश संचार निगमच्या बाबतीत २०१३ सालीच याच दिशेचा निकाल आला होता. त्या वेळी सरकारकडे २६ टक्क्यांच्या आसपास भाग उरले होते आणि व्यवस्थापन टाटांकडे गेले होते, म्हणून कंपनी राज्यसंस्था नाही असे ठरले.

आता तुमच्या कंपनीकडे येऊ. पहिली गोष्ट म्हणजे कंपनी कायदा, २०१३ मधील ‘सरकारी कंपनी’ची व्याख्या आणि अनुच्छेद १२ ची कसोटी एक नाही. किमान ५१ टक्के भरणा झालेले भागभांडवल सरकारचे असले की कंपनी त्या कायद्यापुरती सरकारी होते. तेवढ्याने ती राज्यसंस्था ठरत नाही, आणि सरकारच्या नावावर थेट भाग नसले म्हणजे ती सुटते असेही नाही. बामर लॉरी प्रकरणात सरकारचा हिस्सा दुसऱ्या कंपनीमार्फत होता, तरीही २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या स्वतंत्र अस्तित्वाचा पडदा बाजूला सारून तिला राज्यसंस्था मानले. आपल्याकडे महावितरणची रचना अशीच आहे. तिचे भाग सूत्रधारी कंपनीकडे आहेत, सूत्रधारी कंपनीचे सरकारकडे, आणि २००५ साली जुन्या वीज मंडळाचे विभाजन होऊन हा उपक्रम तिच्याकडे आला. खात्याचा किंवा मंडळाचा उपक्रम तसाच उचलून कंपनीकडे दिला असेल, तर ते तुमच्या बाजूचे फार भक्कम तथ्य आहे. याउलट, उत्तर प्रदेशातील किसान सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात निम्मे भाग सरकारचे असूनही कारखाना राज्यसंस्था ठरला नाही, कारण व्यवस्थापनावर सरकारचा ताबा दिसला नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांच्या वादांत सरकारी भागभांडवलाचा आकडा मोठ्याने सांगितला जातो, तेव्हा हा निकाल आठवावा.

पैशापेक्षा प्रशासकीय ताबा सिद्ध करणे अवघड असते आणि निकालही बहुधा तिथेच ठरतो. त्यासाठी कंपनीची आर्टिकल्स ऑफ असोसिएशन मिळवा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींतून ती शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. त्यांत चार गोष्टी शोधा : संचालक व व्यवस्थापकीय संचालक कोण नेमतो आणि कोण काढू शकतो, राज्यपालांच्या नावाने सरकारला कंपनीला बंधनकारक निर्देश देता येतात का, कोणत्या रकमेच्या पुढच्या खर्चाला किंवा कर्जाला सरकारची मंजुरी लागते, आणि पदे व वेतनश्रेणी कोणाच्या संमतीने ठरतात. तुमचा वाद बढतीचा असल्याने चौथी गोष्ट तुम्हाला विशेष उपयोगी आहे. कंपनीच्या पदोन्नती नियमांना शासन निर्णयाने मान्यता दिली असेल, किंवा सामान्य प्रशासन विभागाची परिपत्रके कंपनीने जशीच्या तशी स्वीकारली असतील, तर तो शासन निर्णय आणि संचालक मंडळाचा ठराव दोन्ही माहिती अधिकाराखाली मागवून याचिकेला जोडा. मात्र कंपनी माहिती अधिकार कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण आहे एवढ्यावरून ती राज्यसंस्था ठरत नाही. त्या कायद्याची व्याख्या वेगळी आणि अधिक व्यापक आहे.

काही कागद वजनदार दिसतात पण फारसे कामाला येत नाहीत. वीज नियामक आयोग दर ठरवतो, रिझर्व्ह बँक देखरेख करते, सहकार निबंधक हिशेब तपासतो. ही सर्व नियंत्रणे त्या क्षेत्रातल्या प्रत्येक संस्थेवर असतात, म्हणून ती नियामक ठरतात. फेडरल बँकेच्या प्रकरणात खासगी बँकेवरची रिझर्व्ह बँकेची कडक देखरेखही याच कारणाने अपुरी ठरली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडून लेखापरीक्षक नेमला जाणे हे प्रत्येक सरकारी कंपनीच्या बाबतीत होते, त्यामुळे तो पूरक पुरावा आहे, मुख्य नाही. हे नियंत्रण याच कंपनीवर, मालक या नात्याने आहे का, असे प्रत्येक कागदाला विचारून पाहा. ‘होय’ असे उत्तर देणारे कागद पुढे ठेवा.

याचिकांत सर्वांत जास्त चूक मी जी पाहतो ती एका वाक्याची आहे : ‘प्रतिवादी क्रमांक दोन ही अनुच्छेद १२ च्या अर्थाने राज्यसंस्था आहे.’ एवढेच लिहून मसुदा पुढे सरकतो. कंपनीचे उत्तरादाखल प्रतिज्ञापत्र येते तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर प्राथमिक आक्षेप असतो की कंपनी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे आणि याचिका चालण्याजोगी नाही. तथ्ये मूळ याचिकेत नसतील तर प्रत्युत्तरात ती घुसवावी लागतात आणि सुनावणी मुळापासून भरकटते. म्हणून भागधारणा, नेमणुका, निर्देशाचा अधिकार आणि निधी यांचे परिच्छेद दस्तऐवजांच्या दाखल्यांसह सुरुवातीलाच लिहा.

कसोटी उत्तीर्ण झाली तरी काय मिळते आणि काय मिळत नाही, तेही स्पष्ट असावे. कंपनी राज्यसंस्था ठरल्यास तुमच्या बढतीला अनुच्छेद १४ आणि १६ लागू होतील आणि मनमानी निर्णय रद्द करून घेता येईल. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट या सरकारी कंपनीचा, तीन महिन्यांची नोटीस देऊन कायम कर्मचाऱ्याला काढण्याचा नियम १९८६ साली अनुच्छेद १४ खालीच गेला. पण त्यामुळे तुम्ही सरकारी सेवक होत नाही, आणि सरकारी सेवकाला सेवेतून काढण्याविरुद्ध असलेले अनुच्छेद ३११ चे संरक्षण मिळत नाही. बढतीच्या वादात ज्यांना बढती मिळाली त्यांना प्रतिवादी करायला विसरू नका, नाहीतर याचिका त्याच कारणाने अडेल. तुम्ही कामगार कायद्याच्या अर्थाने कामगार असाल, तर पर्यायी उपाय उपलब्ध असल्याचा आक्षेपही येईल.

कंपनी राज्यसंस्था नाही असे ठरले, तर उच्च न्यायालयाला रिट काढण्याचा अधिकार देणाऱ्या अनुच्छेद २२६ चा दरवाजा पूर्ण बंद होत नाही, कारण उच्च न्यायालय सार्वजनिक कर्तव्य बजावणाऱ्या खासगी संस्थेलाही आदेश देऊ शकते. क्रिकेट नियामक मंडळ २००५ साली तीन विरुद्ध दोन मतांनी राज्यसंस्था ठरले नाही, तरी उच्च न्यायालयाचा मार्ग त्याच्याविरुद्ध खुला राहिला. पण हा मार्ग तुमच्या उपयोगाचा असेलच असे नाही. २०२२ साली सेंट मेरीज शिक्षण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संस्थेचे काम सार्वजनिक असले तरी, वैधानिक तरतुदीचा आधार नसलेला निव्वळ नोकरीच्या कराराचा वाद रिटच्या कक्षेत येत नाही. बढतीचा वाद बहुधा याच वर्गात पडतो. म्हणूनच तुमच्यासाठी राज्यसंस्थेचा प्रश्न केवळ औपचारिक नाही.

आता हिस्सा विक्रीचा मुद्दा. काही टक्के भाग बाजारात विकले जाऊन बहुमत आणि संचालक नेमण्याचा अधिकार सरकारकडे राहत असेल, तर कसोटीत फारसा फरक पडत नाही. व्यवस्थापन हस्तांतरित होणार असेल, तर मदिरेड्डी निकालामुळे वाट पाहण्याची किंमत फार मोठी आहे. याचिका आत्ताच दाखल करा, अंतरिम आदेश मागा आणि विक्रीची प्रक्रिया सुरू असल्याचे लेखी निदर्शनास आणून लवकर सुनावणीची विनंती करा. सरकार आणि संबंधित विभाग यांनाही प्रतिवादी करा, पण त्यावर विसंबू नका. मदिरेड्डी प्रकरणात केंद्र सरकार पक्षकार असूनही याचिका टिकली नाही, कारण मुख्य मागणी कंपनीविरुद्ध होती. याचिका प्रलंबित असतानाच कंपनी खासगी झाली, तर दिवाणी न्यायालयात किंवा कामगार न्यायाधिकरणात नव्याने जावे लागेल. अशा वेळी रिट याचिकेत गेलेला काळ मुदतीतून वगळून घेण्यासाठी मुदत अधिनियमाचे कलम १४ आहे. मदिरेड्डी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना त्याचा लाभ मागण्याची मुभा दिली होती. ती सवलत योग्य काळजीने आणि सद्भावाने दाद मागणाऱ्यालाच मिळते, त्यामुळे दाखल केल्याची तारीख, प्रत्येक सुनावणीचा आदेश आणि लवकर सुनावणीसाठी केलेला प्रत्येक अर्ज पहिल्या दिवसापासून एका नस्तीत जपून ठेवा.